श्वासातला वायू आणि फुफ्फुसाचं वय : तंबाखूमुक्ती केंद्रात नव्याने रुजू झालेल्या समुपदेशकांसाठी

तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून रुजू झालात की टेबलावर बहुतेक दोन छोटी यंत्रं दिसतील. एकात श्वास सोडला की कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते कळतं. दुसऱ्यात जोराने फुंकलं की फुफ्फुसाची ताकद मोजली जाते, आणि काही यंत्रं त्यावरून ‘फुफ्फुसाचं वय’ही दाखवतात. समोरच्या माणसाला दोन्ही आकडे सारखेच खरे वाटतात. पण पहिला आकडा नीट घेतला तर भरवशाचा असतो आणि एका दिवसात बदलतो. दुसरा हळू बदलतो, आणि आपल्याकडच्या माणसांच्या बाबतीत तर तो बऱ्याचदा फुगून येतो. म्हणून पहिला प्रत्येक भेटीत वापरा. दुसरा एखाद्या वेळी वापरा, आणि तो सांगण्याआधी थोडा हिशोब करा.

दोन्ही यंत्रं धूर ओढणाऱ्यांसाठी आहेत, हे आधी मनात पक्कं करा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ तंबाखू चघळतात, चोळतात किंवा मिश्री लावतात, आणि धूर ओढणारे ३.८ टक्के आहेत. म्हणजे तुमच्या दारात येणारे बहुतेक लोक खर्रा, गुटखा, तंबाखू-चुना किंवा मिश्रीवाले असतील. त्यांच्या श्वासात या वायूचं प्रमाण तंबाखूमुळे वाढत नाही, कारण तिथे काही जळतच नाही. रोज दहा पुड्या खाणाऱ्याला यंत्र २ दाखवेल, आणि ‘आपलं तर काहीच नाही’ असं मनात घेऊन तो घरी जाईल. अशा माणसाला हे यंत्र दाखवूच नका. त्याचं तोंड तपासा, उघडताना किती बोटं आत जातात ते बघा, पांढरे-लाल चट्टे शोधा.

पुढचं सगळं बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी आहे. एकाची गोष्ट धरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ४८, जालन्याकडे जिनिंगवर हमाली, दिवसाला एक बंडल बिडी. आपण त्यांना मामा म्हणू.

पहिली भेट : आधी प्रश्न, मग श्वास

यंत्र हातात देण्याआधी तीन गोष्टी विचारा आणि कागदावर लिहा. शेवटची बिडी किती वाजता ओढली? आज चुलीपुढे, बंबापुढे किंवा शेकोटीपाशी बसलात का? बिडीशिवाय तोंडात काही ठेवता का? नवीन माणसाच्या हातून हे प्रश्न राहतात, कारण यंत्राचं कुतूहल असतं आणि बाहेर रांग असते. पण शेवटच्या बिडीची वेळ कळली नाही तर आलेल्या आकड्याचा अर्थच लावता येत नाही.

मामांनी सांगितलं, सकाळी सहाला एक, मग चहाबरोबर, आणि शेवटची बसस्टँडवर साडेदहाला. आता अकरा वाजले होते.

यंत्र खिडकीजवळ, मोकळ्या हवेत सुरू करा म्हणजे ते शून्यावर येईल. दवाखान्याच्या गेटवर बिड्या ओढल्या जात असतील किंवा जनरेटर चालू असेल, तर खोलीतल्या हवेतच थोडा वायू असतो. म्हणून रोज सकाळी आधी स्वतःचा श्वास मोजा. तुम्ही ओढत नसताना ५-६ दिसले तर गडबड खोलीत किंवा यंत्रात आहे. हाताला सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण वाळू द्या, आणि यंत्र स्पिरिटने कधीच पुसू नका. अल्कोहोलच्या वाफेने आतला सेन्सर बिघडतो आणि आकडे भलतेच येऊ लागतात. तोंडाची नळी प्रत्येकासाठी नवी घ्या. हवा उलटी आत येऊ न देणारा झडपेचा तुकडाही ठरलेल्या मुदतीत बदला. आपल्या भागात टीबीचे रुग्ण कमी नाहीत, तेव्हा इथे काटकसर करू नका. यंत्र ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेट होतं का, तेही स्टोअरमध्ये विचारून ठेवा.

आता श्वास. मामांना सांगायचं ते असं : “पूर्ण श्वास आत घ्या. पंधरा सेकंद धरून ठेवा, यंत्र उलटे आकडे मोजत येईल. मग नळीवर ओठ घट्ट मिटा आणि हळूहळू, शेवटपर्यंत सोडा. जोर लावायचा नाही, पण पोटातली सगळी हवा बाहेर आली पाहिजे.” पंधरा सेकंद धरण्याचं कारण आहे. तेवढ्या वेळात रक्तातला वायू फुफ्फुसाच्या खोल भागातल्या हवेत समतोलाला येतो. आपल्याला हवी असते ती हीच शेवटची, खोलवरची हवा. कुणी अर्ध्यातच सोडलं तर यंत्र घशातली हवा मोजतं आणि आकडा खोटा कमी येतो. धाप लागणाऱ्याला पंधरा सेकंद जमत नाहीत. मग जेवढे जमतील तेवढे धरू द्या, कार्डावर ‘८ सेकंद’ असं लिहा, आणि पुढच्या भेटीतही तेवढेच धरायला सांगा. नाहीतर दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

मामांचा आकडा आला २४.

यंत्र पीपीएममध्ये मोजतं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग आहेत ते. बहुतेक ठिकाणी १० पीपीएमच्या खालचा आकडा ‘सध्या ओढत नाही’ असा धरतात. एकदोन बिड्या ओढणारा १० च्या आतच राहू शकतो, म्हणून काही केंद्रं ही रेघ ६-७ वर आणतात. धूर न ओढणाऱ्याचा आकडा साधारण १ ते ४ असतो. बिडीवाल्यांचे आकडे मोठे येतात यात नवल नाही. तेंदूच्या पानातून हवा आत येत नाही, बिडी विझू नये म्हणून सारखे झुरके मारावे लागतात, आणि अर्धवट जळालेल्या पानाचा-तंबाखूचा वायू जास्त तयार होतो.

आकडा सांगताना आधी गप्प बसा आणि मामांना तो वाचू द्या. मग विचारा, “तुम्हाला किती वाटला होता?” त्यांचं उत्तर ऐकल्यावर समजावून सांगा. मी असं सांगते : “मामा, रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहून नेतात. हा बिडीतला वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं त्याने तुमच्या रक्तात जागा धरून ठेवल्यात. पोती उचलताना छाती भरून येते, त्यात याचाही हात आहे.” भीती घालायची गरज नाही. त्या वेळी मामांना खरी गरज असते ती पुढच्या वाक्याची : “ही जागा आजपासून रिकामी होऊ शकते, आणि उद्याच्या उद्या तुम्हाला ते या पडद्यावर दिसेल.”

आकडा किती वेगाने उतरतो

या वाक्यात थापा नाहीत. बसून असलेल्या माणसाच्या रक्तातला हा वायू साधारण चार-पाच तासांनी निम्मा होतो. चालल्याने, कामाने जरा लवकर, झोपेत जरा हळू. मामांनी रविवारी रात्री दहाला शेवटची बिडी ओढली आणि तेव्हा आकडा २६ होता असं धरा. पाच तासांचा हिशोब लावला तर पहाटे तीनला १३, सकाळी आठला साडेसहा, दुपारी एकला तीनच्या आसपास. म्हणजे सोमवारी दुपारीच ते न ओढणाऱ्या माणसाच्या पातळीला आलेले असतात.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली, दुसरी भेट आठवड्यानंतर देऊ नका. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस तलफ सर्वांत जास्त असते, आणि नेमका त्याच काळात आकडा २४ वरून ३ वर आलेला असतो. मी मामांना मंगळवारी सकाळी अकराला बोलावलं. गावाहून यायला भाडं लागतं, रोजंदारी बुडते, हे खरं. म्हणून आधीच विचारायचं, ‘मंगळवारी बाजाराला येताय का?’ आणि त्या कामाला भेट जोडून द्यायची.

दुसरी गोष्ट मोठी आहे. कमी आकड्याचा अर्थ फक्त ‘गेल्या दिवसभरात धूर ओढला नाही’ एवढाच असतो. कुणी सोमवारी संध्याकाळी सहाला शेवटची ओढून मंगळवारी अकराला आला तर त्याचाही आकडा ३ च्या आसपास येईल. यंत्र आठवड्याचा हिशोब देत नाही. तो फक्त माणूस देतो, आणि तुमच्यावर विश्वास बसला तरच देतो. आकड्यावर शाबासकी दिली, तर घसरलेला माणूस पुढच्या वेळी संध्याकाळपासून बिडी बंद ठेवून येतो, किंवा येतच नाही.

मंगळवारी मामांचा आकडा ३ आला. त्यांनी यंत्र दोनदा फिरवून पाहिलं. त्यांना मी पहिल्या दिवसाचं २४ लिहिलेलं कार्ड दाखवलं, आणि दोन आकडे शेजारी-शेजारी त्यांच्याच हाताने लिहायला सांगितले. लिहिता न येणाऱ्यांसाठी चौकटी रंगवायचं कार्ड ठेवा.

आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला तर

माणूस म्हणतो ‘सोडली’, आणि यंत्र म्हणतं १४. नव्या समुपदेशकाचा सगळ्यात अवघड क्षण हा. इथे ‘खोटं बोलताय’ असा सूर लागला की तो माणूस परत दिसत नाही. आधी कारणं शोधा. थंडीत पहाटे बंब पेटवून पाणी तापवलं, तिथेच बसून राहिला. चुलीवर भाकरी झाल्या. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती तासभर बसला. बंद खोलीत कोळशाची शेगडी होती. घरात बाकीचे ओढतात. हे सगळे आकडा वर नेतात, आणि आपल्याकडे ही नुसती शक्यता नाही, रोजची गोष्ट आहे. मिश्रीसाठी तंबाखू तव्यावर भाजणाऱ्या मावशीसुद्धा थोडा आकडा वर दाखवू शकतात, आणि त्या धूर ओढत नाहीत. क्वचित दूध न पचणाऱ्या माणसाच्या पोटात हायड्रोजन तयार होतो, आणि काही सेन्सर त्यालाच कार्बन मोनॉक्साइड समजतात. निकोटिनच्या गोळीने किंवा च्युइंगगमने मात्र आकडा वाढत नाही. तेव्हा गम घेतोय म्हणून १४ आले, असं म्हणू नका.

कारण सापडलं नाही तर एवढंच म्हणा : “यंत्रात १४ आलेत. कुठून आले असतील, आपण दोघं मिळून बघू.” बहुतेक लोक थोड्या वेळाने स्वतःच सांगतात. सांगितलं तर त्यांचे आभार माना, आणि ती बिडी कुठे, कुणाबरोबर, कोणत्या वेळी ओढली ते विचारा. पुढचं सगळं नियोजन त्या उत्तरावर उभं राहतं.

आणखी एक फसगत. ‘पंचवीसवरून दहावर आणल्या’ असं सांगणाऱ्याचा आकडा फारसा उतरलेला नसतो, तेव्हा त्याला वाईट वाटतं. माणूस बिड्या कमी करतो तेव्हा नकळत प्रत्येक बिडी जास्त खोल आणि शेवटपर्यंत ओढतो. हे त्याला सांगा. त्याचे कष्ट खोटे नाहीत, पण कमी करण्यापेक्षा तारीख ठरवून पूर्ण थांबण्याकडे बोलणं न्यायला इथे चांगली जागा मिळते.

मामांच्या तिसऱ्या भेटीत आकडा २ होता. पण बोलताना गालाच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं. बिडीच्या जागी गुटख्याची पुडी आली होती. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी मिळतो. यंत्रात हे कधीच दिसलं नसतं. म्हणून पहिल्या भेटीतला तिसरा प्रश्न, ‘तोंडात काही ठेवता का?’, हा प्रत्येक भेटीत पुन्हा विचारा. आकडा कितीही छान असला तरी.

फुफ्फुसाचं वय : इथे थांबून हिशोब करा

दुसरं यंत्र म्हणजे छोटा स्पायरोमीटर. पूर्ण श्वास घेऊन पहिल्या एका सेकंदात किती लिटर हवा जोराने बाहेर फेकली, तो आकडा म्हणजे एफईव्ही१. वयाबरोबर तो सगळ्यांचाच घटतो. ‘एवढा आकडा निरोगी माणसाचा कोणत्या वयात असतो?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे फुफ्फुसाचं वय. मॉरिस आणि टेंपल यांनी १९८५ मध्ये ही कल्पना मांडली. पुरुषांसाठी त्यांचं सूत्र असं आहे : उंची इंचांत गुणिले २.८७०, त्यातून एफईव्ही१ लिटरमध्ये गुणिले ३१.२५० वजा करा, आणि शेवटी ३९.३७५ वजा करा. स्त्रियांसाठी वेगळं सूत्र आहे.

हे वय सांगितल्याने लोक सोडतात का? इंग्लंडमध्ये २००८ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली, ५६१ धूम्रपींवर. सगळ्यांचीच तपासणी झाली. एका गटाला नुसता लिटरचा आकडा सांगितला, दुसऱ्याला फुफ्फुसाचं वय. वर्षभराने पहिल्या गटात ६.४ टक्के सोडलेले होते, दुसऱ्यात १३.६ टक्के. गंमत म्हणजे ज्यांचं वय ‘वाढलेलं’ निघालं त्यांनीच जास्त सोडलं असं झालं नाही. ज्यांचं ठीक निघालं तेही तितकेच सोडत होते. नंतर अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा इतका स्पष्ट परिणाम पक्का धरता आला नाही. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा नुसता सांगण्याबद्दलही तसंच आहे. म्हणून दोन्ही आकडे बोलण्याला जोड म्हणून वापरा. समुपदेशन आणि औषध यांच्याऐवजी ते चालत नाहीत.

आता मामांचा हिशोब. उंची ६५ इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटर. तीन वेळा फुंकल्यावर सर्वांत चांगला एफईव्ही१ आला २.३५ लिटर. सूत्रात घातलं तर ७४ वर्षं. ४८ वर्षांच्या माणसाचं फुफ्फुस ७४ चं! यंत्रावर हेच दिसतं, आणि नवा समुपदेशक तेच मोठ्याने वाचून दाखवतो.

थांबा. या सूत्रामागचे आकडे अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या, धूम्रपान न करणाऱ्या गोऱ्या लोकांचे आहेत. त्याच उंची-वयाच्या निरोगी भारतीय माणसाचा एफईव्ही१ त्यांच्यापेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्के कमी असतो. ४८ वर्षं आणि ६५ इंचांना त्यांचा अपेक्षित आकडा ३.१८ लिटर आहे. त्यातून बारा टक्के वजा केले तर २.८ होतात. २.८ फुंकणारा, आयुष्यात बिडी न शिवलेला माणूस याच सूत्रात ६० वर्षांचा ठरतो. म्हणजे मामांच्या जास्तीच्या २६ वर्षांपैकी जवळपास १२ वर्षं बिडीची नाहीतच, ती सूत्राची आहेत. हे सांगितलं नाही तर आपण त्या माणसाला खोटं सांगतो. आणि शेजारच्या कधी न ओढणाऱ्या भावाची तपासणी झाली की आपलं केंद्रच खोटं पडतं.

दुसरा हिशोब डगमगीचा. सूत्रात ०.१ लिटरचा फरक म्हणजे तीन वर्षं. दोन फुंकींत ०.१५ लिटरपर्यंत फरक चालतो, असा तपासणीचा नियम आहे. तेवढ्यानेच वय पावणेपाच वर्षं इकडे-तिकडे होतं. श्वास पूर्ण न भरणं, मध्येच खोकला येणं, ओठ सैल राहणं, जोर उशिरा लावणं, या सगळ्यांनी आकडा घसरतो आणि वय वाढतं. त्यात जुना टीबी, दमा, किंवा जिनिंगची कापसाची धूळ हेही एफईव्ही१ कमी करतात. मामा वीस वर्षं धुळीत आहेत. सगळा दोष बिडीवर टाकता येत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. यंत्राच्या सेटिंगमध्ये कोणतं संदर्भ समीकरण आहे ते आधी बघा. भारतीय असेल तर तेच निवडा. नसेल तर ‘वय’ हा शब्द तोंडातून काढू नका. मामांना मी एवढंच सांगितलं : “तुमच्या वयाच्या आणि उंचीच्या आपल्याकडच्या निरोगी माणसाला साधारण २.८ लिटर येतात, तुम्हाला २.३५ आलेत. त्यात बिडीचा वाटा आहे, धुळीचाही असेल. गेलेलं परत आणता येत नाही, पण पुढचं जाणं थांबवता येतं.” अमेरिका-कॅनडात श्वासनलिका अरुंद होऊ लागलेल्या हजारो लोकांवर ११ वर्षं पाहिलं गेलं : ओढत राहिलेल्या पुरुषांचा एफईव्ही१ दरवर्षी सरासरी ६६ मिलीलिटरने घटला, सोडलेल्यांचा ३० ने. हे आकडे मामांना सांगू नका. ‘घट निम्म्याहून कमी होते’ एवढं पुरे.

‘सोडल्यावर फुफ्फुसाचं वय परत कमी होईल’ असं वचन कधीच देऊ नका. सहा महिन्यांनी पुन्हा तपासाल तेव्हा आकडा तेवढाच राहील किंवा किंचित हलेल, आणि तो माणूस निराश होईल. दर भेटीला उतरणारा आकडा हवा असेल तर तो कार्बन मोनॉक्साइडचाच. तिशीच्या तरुणाचं ‘वय’ ठीक निघालं तर ‘काही बिघडलं नाही’ असा शिक्का त्याच्या मनात बसू देऊ नका. याच टप्प्यावर सोडलं तर फुफ्फुस वाचतं, हे लगेच सांगा आणि त्याचा श्वासातला आकडा पुढे ठेवा.

फुंकण्याची तपासणी सगळ्यांना करू नका. नुकताच हृदयविकाराचा झटका, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन, थुंकीतून रक्त, छातीत दुखणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. टीबीची शंका असेल तर आधी थुंकी तपासा. एफईव्ही१ आणि एका दमात जोराने बाहेर फेकलेली एकूण हवा यांचं गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल, किंवा चालताना धाप लागत असेल, तर आपल्या केंद्रातून निकाल देऊ नका. त्याला घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड अशा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या छातीविकार विभागाकडे चिठ्ठी द्या.

कार्डावर प्रत्येक भेटीला हे लिहा : तारीख आणि वेळ, शेवटची बिडी किती वाजता, श्वास किती सेकंद धरला, आकडा, सकाळचा तुमचा स्वतःचा आकडा, चूल-बंब-शेकोटी, तोंडातली पुडी. मागच्या बाजूला राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून द्या, कारण तलफ केंद्र बंद असतानाही येते.